कदमांचा रिकामा उजवा हात

परळ, १९५७. मंगळवार, संध्याकाळ

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चासाठी आमच्या चाळीतल्या माणसांना कदम कवायत शिकवतो. पलटणीतून सुटलाय, म्हणे. मला तर पोलिसांचा माणूस वाटतो.

आज विचारलंच, "सलाम कशाला हो?"

"पूर्वी उजवा हात रिकामा दाखवायचे, हत्यार नाही म्हणून. असं सांगतात."

उजवा रिकामा. डाव्याचं काय?

"आणि पाऊल जुळवणं?"

"बंदुकवाल्यांची दाट रांग फुटू नये म्हणून. आता सवयीसाठी. थांबायचा हुकूम देताना आधी 'दल' लांबवून सावध करायचं, मग 'थम' तोडून म्हणायचं. पाय डोक्याला विचारत बसत नाहीत."

उद्या लाठ्यांसमोर यानेच सगळ्यांना उभं केलं तर? तोच रिकामा हात हलवत तो रांगेकडे वळला. मी तडक घराकडे निघालो.

"दल... थम!"

मागे सगळे थांबले.

मीही.