ओवीच्या घरी न गेलेली चिठ्ठी

प्रिय कुमुदताई,

गेल्या शनिवारी निखिल आणि प्राजक्ता शाळेत येऊन गेले. तुमचा मुलगा आणि सून माझ्यासमोर बसले होते ते त्यांच्या ओवीसाठी, आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही. घरात कोणाजवळ बोलायची सोय नाही. रागवायचं तर तुम्हीच रागवायला हवं, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आठवतं का, मी मनीषनगरच्या आपल्या शाळेत नवीन लागले तेव्हा पालकांना पाठवायची पहिलीच चिठ्ठी तुम्ही माझ्या हातातून काढून घेतली होती? ‘आपला पाल्य अत्यंत मस्तीखोर असून नेहमी वर्गाची शिस्त बिघडवतो,’ असं मोठ्या ऐटीत लिहिलं होतं मी. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, “सुनंदा, नेहमी म्हणजे कधी वं? आणि मस्तीखोर हे तुले दिसलं, का वाटलं?”

मग समोर बसवून लिहून घेतलंत. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिही. पोराचं एक चांगलं लिही, पण खरं लिही, गूळ लावू नको. दुसऱ्या पोराचं नाव नको. आपण काय करून पाहिलं आणि ते जमलं की नाही, तेही लिही. आईबापाकडून एकच मदत माग. लाल शाईने लिहू नको, वर्गाच्या ग्रुपवर टाकू नको. आधी फोन कर, मग बंद पाकिटात दे. किती चिठ्ठ्या फाडल्या तुम्ही माझ्या! मनातल्या मनात मी तुम्हाला खडूस म्हातारी म्हणायची, आज सांगून टाकते.

तुम्ही रिटायर झालात आणि यंदा ओवी माझ्या चौथीत आली. पहिल्या दिवशी किती आनंद झाला होता मला! पण पंधरा दिवसांत पोरीने रंग दाखवले. मधेच बाक बडवायची, कंपास पाडायची, एकदा तर चक्क कोंबड्यासारखी आरवली. वर्ग फिदीफिदी हसायचा आणि धडा तिथेच राहायचा. मी तिला बाहेर व्हरांड्यात उभं करायची. दुसऱ्या कोणाचं लेकरू असतं तर मी केव्हाच चिठ्ठी धाडली असती. पण कुमुदताईंच्या नातीची तक्रार करायची? हात धजेना माझा.

आणि तेवढ्यात तुमचं आजारपण निघालं.

रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात मी मुगाची खिचडी घेऊन आले होते. दोन घास कसेबसे खाल्लेत आणि विचारलंत, “ओवी कशी आहे वं वर्गात? खरं सांग.” मी म्हटलं, एकदम मस्त, काळजीच करू नका. त्याच सकाळी तिला व्हरांड्यात उभं करून आले होते मी! तुम्ही हसलात, माझा हात थोपटलात. पुन्हा काही विचारलं नाहीत. काहून नाही विचारलं, ताई? तुम्ही तर खोदून खोदून विचारणाऱ्या. तेव्हा मला मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं.

तुम्ही गेलात. ओवीचं वागणं वाढतच गेलं. शेवटी एका मुलीच्या वडिलांनी मुख्याध्यापिका बाईंकडे तक्रार केली, की आमच्या पोरीला वर्गात काही ऐकूच येत नाही. आता लिहिणं भाग होतं. मग तुम्ही शिकवलं तसं आधी नुसतं पाहायला बसले. आधी काय झालं, तिने काय केलं, त्यावर मी काय केलं, हे रोज टिपत गेले. तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. गणिताला ओवी गप्प, चित्रकलेला तर मान वर करत नाही. गोंधळ फक्त भाषेच्या तासाला, तोही एकेकाने उठून मोठ्याने वाचायचं असलं तरच. पाळी जवळ आली, पुढे दोघं-तिघं उरले, की बाक वाजलाच! आणि मी काय करायची? बाहेर काढायची. म्हणजे पाळी टळली. तिला जे हवं होतं ते मी माझ्याच हाताने देत होते, आणि वर त्याला शिस्त म्हणत होते.

मग चिठ्ठी लिहिली. अशी होती:

‘ओवी गणित मन लावून करते आणि शेजारच्या मुलांना समजावूनही देते. एक अडचण तुमच्याशी बोलायची आहे. मोठ्याने वाचायची पाळी जवळ आली की ती बाक वाजवते किंवा आवाज काढते. गेल्या दोन आठवड्यांत हे जवळजवळ रोज झालं. वाचन थांबतं, इतरांचा तास बुडतो. मी तिला बाहेर उभं करत होते. त्याने फरक पडला नाही, उलट तिची पाळी चुकत गेली. ती चूक माझी. कारण काय असेल ते मी ठरवत नाही. घरी वाचताना ती कशी असते, हे तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. तुम्हाला जमेल ती वेळ कळवा.’

ही तुम्ही फाडली नसती, असं वाटतं.

शनिवारी प्राजक्ताने ती चिठ्ठी पर्समधून काढून माझ्या टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही तिने. म्हणाली, मला दिवाळीच्या आधीच शंका आली होती, घरी पुस्तक उघडलं की ओवीचं पोट दुखायला लागतं. कोणाला तरी दाखवू या, असं मी आईंना म्हटलंही. “तर आई म्हणाल्या, सुनंदाची चिठ्ठी आली का? नाही न? मग काही नाही. सुनंदा लपवून ठेवणारी नाही.”

ताई, माझी चिठ्ठी आली नाही म्हणून तुम्ही निश्चिंत राहिलात, आणि त्या भरवशावर सुनेलाही थांबवलंत! ते महिने ओवीने व्हरांड्यात काढले. मी त्यांना सांगून टाकलं, की आईंनी मला स्पष्ट विचारलं होतं आणि मी खोटं बोलले. प्राजक्ताने एवढंच विचारलं, “काहून, मॅडम?” मी म्हटलं, तुमच्या आईंचा लिहाज, त्यांचा मान राखायचा म्हणून. बोलताना माझं मलाच ते खोटं वाटलं. लिहाज कसला, ताई, मला तुमच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. तिने माझी समजूत घातली नाही, आणि बरंच केलं.

निखिलने विचारलं, आता काय करायचं ते सांगा. मग आम्ही ठरवलं. ओवीला उद्याचा उतारा मी आदल्या दिवशीच देणार. आधी ती मैत्रिणीसोबत हळू वाचेल, मग वर्गात दोनच ओळी. नको वाटलं तर पेन्सिल आडवी ठेवायची, मी पुढच्या मुलाकडे वळेन. पण तास संपला की माझ्याजवळ बसून वाचायचंच. बाहेर काढणं बंद. घरी रोज थोडा वेळ आईने सोबत वाचायचं, रागवायचं नाही. वाचायची अडचण असलेली मुलं तपासणाऱ्या बाईंची वेळही निखिल घेणार. आणि दर शुक्रवारी मी प्राजक्ताला फोन करणार, बरं-वाईट दोन्ही सांगायला.

आज पहिला शुक्रवार होता. सांगितलं तिला: मंगळवारी बाक वाजवला, मी बाहेर काढलं नाही. बुधवारी पेन्सिल आडवी होती. आज उठली, एक ओळ वाचली, दुसरीवर अडखळली, कोणीतरी हसलं आणि ती रडत खाली बसली. प्राजक्ताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “असंच सांगत जा, मॅडम. आता विचारायला आई नाहीत.”

ताई, माफी मागायला तुम्ही जागा ठेवली नाहीत. म्हणून वचन तेवढं देते. ज्या घरावर माझा जास्त जीव असेल, त्या घरी चिठ्ठी सगळ्यात आधी जाईल.

तुम्ही जिच्यावर विसंबलात ती,
सुनंदा