तात्यानं रंगवलेला घट

जळकोट,
कोजागरी झाल्यावरचा मंगळवार

चि. जाईस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तब्येत बरी असेल. पुण्यात वेळेवर जेवतेस असं तू लिहिलंस, ते मी मायेनं वाचलं, विश्वासानं नाही. इकडं तुझी आई ठीक. तुझे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ तात्या, तेही ठीक. पत्राचं कारण खाली येईल.

प्रश्न विचारले म्हणून रागावू नका, असं लिहिलंयस. रागावू कशाला? मी बी.एस्सी. केलं तेव्हा 'का' लिहिल्याशिवाय प्रयोगवहीवर सही मिळत नव्हती. घट का बसवायचा, अखंड दिवा विझला तर काय होतं, आणि धान उगवलं नाही तर दोष कुणाचा, हेच तू नवरात्राच्या आदल्या दिवशी तात्याला फोनवर विचारलंस आणि त्यानं "असलं इचारायचं नसतं" म्हणून फोन ठेवला. (उत्तर येत नसलं की तो फोन ठेवतो. शाळेत असताना पाटी ठेवायचा.)

आता यंदाचं ऐक. आपल्याकडं घट कसा बसतो हे तू लहानपणापासून पाहिलंयस. पत्रावळीवर वावरातली काळी माती, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं सात प्रकारचं धान, मधोमध पाण्यानं भरलेलं मातीचं मडकं, त्यात सुपारी नि नाणं, तोंडाला विड्याची पानं, वर नारळ. रोज एक माळ चढते. मडकं पाझरतं, माती ओली राहते, धान वर येतं. आपल्या घरात वरून पाणी घालत नाहीत आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत.

यंदा माळा चढत गेल्या आणि माती मात्र टकलासारखी स्वच्छ. शेजारच्या गंगम्माच्या घटात वीतभर धान डोलतंय आणि आपल्याकडं बायका दर्शनाला येऊन देवीऐवजी मातीकडं बघतायत. तात्यानं जाहीर केलं, "पोरीनं शंका काढली, देवी रुसली." तुझी आई पदराला डोळे पुसत स्वयंपाक करायला लागली. भाजीत मीठ दोनदा पडलं. मला मात्र तुझ्या नावानं बोललेलं सहन झालं नाही, म्हणून मी तुझंच काम केलं. प्रश्न विचारला. मडक्यातलं पाणी मातीत का उतरत नाही?

न हलवता, पानं जराशी सारून बॅटरीनं आत पाहिलं. आत लालभडक! फाटकाला आणलेला ऑइलपेंट उरला होता, तो तात्यानं मडक्याला आतबाहेर दिला होता. (बाहेरचा मला गेरू वाटला होता.) "गळत व्हतं, ताई," म्हणाला. अगं, ते गळायलाच तर ठेवतात!

आता मडकं बदलावं तर घट हलतो, वरून पाणी घालावं तर घराची रीत मोडते. तात्या डोकं धरून बसला. मी सरळ गंगम्माकडं गेले. ती म्हणाली, "आमी तर रोज शिंपडतो की. देवीनं पानी नको म्हणलं व्हय कवा?" म्हणजे आपण जन्मभर शास्त्र म्हणून सांभाळलं, ते आपल्या एका घरापुरतं होतं. मी तांब्या घेतला आणि शिंपडायला लागले. तात्यानं डोळे मिटून घेतले. (मला अडवायचं धाडस त्यानं अजून केलेलं नाही.)

दसऱ्याला बोटभर धान आलं. ते टोपीत खोवून तात्या सोनं वाटायला गावभर हिंडला, पण धान इतकं आखूड की दिसावं म्हणून मान वाकवून हिंडला. लोकांना वाटलं, यंदा फार नम्र झालाय.

म्हणून दोष रंगाचा, तुझा नाही. हे मी त्याच्यादेखत तुझ्या आईला सांगितलं. दिव्याचं म्हणशील, तर अष्टमीला वाऱ्यानं विझला. काय झालं? मी परत लावला. आणि घट का बसवायचा, याचं उत्तर मला येत नाही. त्यात बियाण्याची परीक्षा असते वगैरे सांगून तुला गप्प करणार नाही. एवढंच सांगते, पहिला कोंब दिसला तेव्हा तुझी आई नि मी, दोन म्हाताऱ्या, जमिनीवर पालथ्या पडून बघत होतो. तू घट बसव किंवा नको बसवू. माझी माया त्यावर अवलंबून नाही.

तुझी,
चंद्रप्रभाआत्या

ता. क. बसमधून एक बोचकं पाठवलंय. बिनरंगाचं मडकं, वावरातली माती, सात धानं. हे घटासाठी नाही, कोथिंबीर लाव. धानच पेरलंस तर फोटो पाठव. मला नको, तुझ्या आईला हवाय.

ता. क. २ खरं कारण आता लिहिते. दसऱ्यापासून तात्या फोन खिशात न ठेवता पुढ्यात ठेवून जेवतो. "चुकलं" हा शब्द त्याच्या तोंडून निघायचा नाही, ते तुझ्या जन्माआधीपासून मला माहीत आहे. तूच फोन कर आणि त्याला काहीतरी विचार. काहीही चालेल. या वेळी तो फोन ठेवणार नाही.