शेठच्या घरातलं पाणी

प्रिय आई,

तुझ्या फोटोमागे ठेवलेल्या मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की नवघरच्या नव्या जागेत आम्ही वास्तुशांत करणार. ते चुकलं. तुला चुकीचं कळलेलं राहू नये म्हणून हे लिहिते आहे.

रविवारी गुरुजी जागा बघायला आले. म्हणाले, "वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरतात. ही फरशी तुमची आहे का?"

"नाही," मी म्हटलं. शेठकडून भाड्याने घेतलेल्या दोन खोल्या! "मग आमचं काहीच होत नाही का?"

"होतं की," ते म्हणाले. "जमिनीची शांत मालकाने करायची. राहणाऱ्याने गणपतीपूजन करावं, उदकशांत करावी. मंत्रांनी कलशातलं पाणी शुद्ध करायचं. आंब्याच्या पानांनी ते घरभर आणि माणसांवर शिंपडायचं."

बाकीचं मला तुझ्याकडूनच माहीत. दाराला तोरण, उंबऱ्याला हळदकुंकू. आधी देव, दिवा, भरलेला कलश आणि मीठ आत न्यायचं, मग उजवं पाऊल. नवीन पातेल्यात दूध तापवून मुद्दाम उतू घालवायचं, घर तसंच भरून वाहावं म्हणून. त्याचा नैवेद्य दाखवून सगळ्यांनी ते प्यायचं. स्टोव्हजवळ उभी राहून दूध उतू जाताना बघणं मला जमेल का? तू केवढी ओरडायचीस!

तेवढ्यात बाबा आले. रत्नागिरीहून थेट, हातात पिशवी. तू गेल्यापासून ते एकटेच रांधून खातात, किती वाळलेत! "आता इथेच राहा," मी म्हटलं. ते दारातच थांबले. मी पाणी दिलं, तेही घेईनात.

"लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी नको. तुझी आई प्यायली का कधी?"

नाही प्यायलीस. उन्हातून आलीस तरी शेजारणीकडे मागितलंस. तेव्हा मला काय वाटलं असेल, विचारलंस कधी?

मला रडू आलं. तेव्हा हे म्हणाले, "बाबा, गुरुजी आत्ताच सांगत होते, ही जमीन आमची नाही. मग हे लेकीचं घर कसं? घर शेठचं!"

"जावईबापू, गिरणीत कामाला आहात की कोर्टात?"

"विचारा गुरुजींना."

गुरुजी नुसते हसत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चपला काढल्या.

"शेठच्या घरी पाणी प्यायला माझी काय हरकत?" म्हणाले, आणि तांब्या रिकामा केला.

आई, भाड्याच्या जागेची मला इतकी लाज वाटत होती, आणि त्याच जागेने बाबांना आत घेतलं!

ते गावी परत गेलेत, पण ट्रंक आणायला. आल्यावर उदकशांतीचं पहिलं पाणी त्यांच्या अंगावर पडेल. मी शब्द देते, त्यांच्यासमोर चुकूनही "माझं घर" म्हणणार नाही. दूध त्यांना माझ्या हाताने देईन, येत्या अक्षय तृतीयेला, सकाळी.

तुझी,
सुमन