चौथी रिंग

२ फेब्रु., सोम.
भावाचा, अण्णाचा, कमठाण्याहून फोन. त्याच्या नंदूचा साखरपुडा ठरला. रवि. २२ ला, इथं भालकीतच, कार्यालय बघून झालंय. "सुमन, चारोळ्या तूच वाचायच्या. दुसरं कुणी चालायचं न्हाई." मी म्हटलं, दुसरं आहे तरी कोण इकडं! शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण अंगठी घालताना म्हणायच्या चारोळ्यांना अजून उदगीरपर्यंत बोलावणं येतं. फुशारकी नव्हे, खरं तेच लिहिलं.

पण ही घरची. आठवीपासून बारावीपर्यंत पोर माझ्याकडं राहून शिकली. तिची वेणी मी घातलीय. एकेक ओळ घासून पुसून लिहिणार.

मुलगा महेश, कोहिनूर गावचा. खत-बियाण्याचं दुकान. दिसायला छान म्हणे.

५ फेब्रु., गुरु.
वहीत दोन पानं आखली. एक मुलीकडचं, एक मुलाकडचं. प्रत्येकाच्या दोन खोड्या पाहिजेत, दोनच. आईबापाला विचारून उपयोग नसतो. "लई गुणी आहे" एवढंच सांगतात. खोड्या भावजय सांगते, नाहीतर धाकटी बहीण.

रंगावर, अंगावर, देण्याघेण्यावर आणि आधी मोडलेल्या स्थळावर ओळ करायची नाही. आणि वाचायच्या आधी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना दाखवून पास करून घ्यायचं. वीस वर्षांत हा नियम मोडला नाही.

नंदूला विचारलं. चहाला तासभर लावते, हे मला माहीतच होतं. त्यांचं काय गं? "आत्या, लई काळजी करतात. तासातासाला फोन. कुठंयस, कोण आहे जवळ." हसायली होती. मीही हसले.

चहाची झाली:
चहाला पाच मिनिटं लागतात, हिला तासभर बरं,
पावडर कुठं, साखर कुठं, दूध उतू जातं खरं!
आज मात्र उशीर नको, बोट पुढं करा राव,
नंदिनीच्या ओठावरती महेशरावांचं नाव.

नाव शेवटच्या ओळीतच पाहिजे. नाव आलं की हॉल ओरडतो, आणि त्या ओरड्यातच अंगठी सरकते.

८ फेब्रु., रवि.
महेशची भावजय, सविता, फोनवर तासभर. गोड बाई. आधी नुसतंच "आमचे भाऊजी लई टापटिपीचे". मी म्हटलं, ते सासूबाईंनी सांगितलं, तुम्ही खोड सांगा. मग म्हणाली, "तीन रिंगांत फोन उचलावा लागतो. घरात कुणीबी असू दे. चौथी वाजली का ताट उडतं!" आणि हसली.

मीही हसले. लिहून घेतलं. मग सहज विचारलं, ताट उडतं म्हणजे कुणीकडं?

"भिंतीकडं, ताई."
थोड्या वेळानं परत, मी काही न विचारता, "भिंतीकडंच."

मग आवाज बारीक केला. "तुमी पोरीच्या आत्या ना सख्ख्या? मंग बरं झालं तुमीच फोन केलात." मागून कुणीतरी हाक मारली तर फोन ठेवलाच.



१० फेब्रु., मंगळ.
अण्णाला सांगितलं. "सुमन, पुरुषमाणसाला राग असतोच. आपल्या अप्पांनी काय कमी ताटं फेकली?" फेकली खरी. आई खाली बसून शितं वेचायची, तेही मला आठवतं. बोलले तसं. चिडला. "तुला चारोळ्या करायला सांगितल्या, चौकशी कामून करायलीस? पन्नास गावांत सांगून झालंय."

भावापुढं मी नेहमीच गप्प बसते. आजही बसले. स्वतःचीच चीड आली.

१३ फेब्रु., शुक्र.
नंदूशी सरळ बोलावं म्हणून फोन लावला. "नंदू, एक विचारायचं..." एवढ्यात तिकडं मध्येच दुसरा फोन आला. "आत्या ठेव, त्यांचा यायलाय." ठेव म्हणेपर्यंत कट. परत लावला तर अर्धा तास एंगेज. नंतर म्हणते, "आत्याशी काय बोलत होतीस म्हणून विचारायले होते."

मी म्हटलं, सांग, चहाचं. चारोळीसाठी. ते विचारायचं राहूनच गेलं.

१७ फेब्रु., मंगळ.
सुचलंय. आजी म्हणायची, तोंडानं सांगितलेलं भांडण होतं, नाव घेताना सांगितलेलं गंमत होते. नवऱ्याच्या दारूपासून सासूच्या कुलपापर्यंत सगळं बायकांनी उखाण्यातच सांगितलं. मग मी का नाही?

तीन रिंगांत फोन उचला, नियम यांचा ताठ,
चौथी रिंग वाजली की भिंतीला भेटतं ताट!
महेशराव, कबूल करा, मंडळी बसलीत भोवती,
ताट राहील पाटावरती, तरच अंगठी बोटावरती.

नाव मुद्दाम तिसऱ्या ओळीत, कबुलीला जागा राहावी म्हणून. दोनशे माणसांपुढं कबूल केलं की शब्दाला साक्ष राहते. आणि खळखळून हसला तर मीच उगाच भ्यायले असं समजेन. चेहरा बघायचा, बस.

त्यांच्याकडं पास करायला मात्र दुसरीच पाठवली, दुकानात गिऱ्हाइकाला थांबवून भाव विसरतो वगैरे. त्याचे वडील "छान छान" म्हणाले. ही वेगळ्या कागदावर, वहीत घडी करून. नियम मोडला मी. होऊ दे.

२१ फेब्रु., शनि.
मोठ्यानं वाचून घड्याळ लावून बघितलं. तबकातून अंगठी उचलायची, फोटोवाला "थांबा थांबा" म्हणणार, मग बोट. चार ओळी बरोबर पुरतात. तिसऱ्या ओळीनंतर दम घ्यायचा. बिदरकडचे कानडी पाहुणे आहेत म्हणून शेवटी "बेगा हाक्री उंगुर", घाला लवकर अंगठी. त्यावर हमखास हशा.

अंगठी अडकलीच तर राखीव दोन ओळी नेहमी असतात:
अडली अंगठी अडू द्या हो, घाई नको राव,
जिथं थोडं अडतं ना, तिथंच मुरतं नाव.

घडीचा कागद तीनदा उघडून परत वहीत ठेवला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

२२ फेब्रु., रवि.
झालं. लिहून ठेवते, नाहीतर विसरल्याचं सोंग करीन.

कुंकू, साडी, ओटी, साखरेचा पुडा सगळं वेळेत. नंदू मोरपंखी साडीत इतकी गोड की माईक धरून मला हुंदकाच आला. आमच्यात आधी मुलगा घालतो. त्यानं अंगठी उचलली. मी घडीचा कागद उघडला.

दुसऱ्या ओळीला हॉल फुटला. पोरं टाळ्या, शिट्ट्या. अण्णा सुद्धा हसला. महेश पण हसायला होता, दात दिसत होते. पण तो माझ्याकडं बघतच नव्हता. बायकांच्या रांगेवरून नजर फिरवत गेला आणि सवितावर थांबला. ती मांडीवरच्या पोराचं बटण लावत बसली. लागलेलंच बटण.

तिसऱ्या ओळीनंतर मी दम घेतला. त्यानं माझ्या हातातला माईक घेतला. "कबूल, आत्याबाई!" केवढ्या टाळ्या!

मी माईक परत घेऊन शेवटची ओळ म्हटली. अंगठी पेरावर अडकली. राखीव ओळी माझ्या तोंडात होत्या, पण तो थांबला नाही. दाबून ढकलली. नंदूच्या तोंडून "स्स" निघालं, ते माईकमध्ये आलं. त्यालाही लोक हसले.

मग तिची पाळी, चहाची चारोळी. कशी वाचली आठवत नाही.

२३ फेब्रु., सोम.
सकाळपासून कौतुक. व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर. "मॅडम, ताट लई भारी!" दोन साखरपुड्यांची बोलावणी.

दुपारी महेशचा मेसेज. "छान होत्या. ताटाचं कुणी सांगितलं?"
मी: असंच, सुचलं.
तो: "तीन रिंगा बी सुचल्या?"
खाली हात जोडलेलं चित्र.

२५ फेब्रु., बुध.
सविताचा फोन बंद. काल दोनदा, आज चारदा लावला.

नंदू म्हणते बोट सुजलंय, अंगठी निघत नाही, साबण लावून बघितलं. "त्यांना सांगितलं तर म्हणाले, काढायचीच कशाला."

२८ फेब्रु., शनि.
अनोळखी नंबर. सविता. माहेरी आलीय, पोराला घेऊन. गाव सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "ताट भिंतीला न्हाई लागलं, ताई. माज्या कपाळाला लागलं. दोन वर्सं झाली, केसात झाकते. आता परवा परत झालं."

"तुमचे मिस्टर?"
"ते बसले हुते जेवायला."

मग जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "मी पोरीला कळावं म्हनून सांगितलं हुतं. लोकाला हसवायला न्हाई."

ती बाई जीव मुठीत धरून बोलली आणि मी यमक जुळवलं. साक्ष म्हणे! दोनशे माणसं साक्षीला होती आणि दोनशेही हसली. टाळ्या मला पण आवडल्या, हेही लिहून ठेवते.

उद्या पहिल्या गाडीनं कमठाणा. अण्णा काय म्हणायचं ते म्हणो.

१ मार्च, रवि.
अण्णा शेतात गेल्यावर नंदूला मागच्या पडवीत बसवलं. सगळं सांगितलं. गद्यात. कपाळ, केस, पोराचं बटण, सगळं.

रडेल वाटलं होतं. रडली नाही. बोटातली अंगठी फिरवायला गेली, फिरेना. म्हणाली, "तू वाचायलीस तेव्हा मला वाटलं, आत्याला माहीत आहे आणि आत्या हसायली, म्हणजे काही न्हाई."



तेवढ्यात तिचा फोन वाजला. तांदळाच्या सुपाशेजारी पडलेला. नाव दिसत होतं. एक. तिचा हात आपोआप उठला. दोन. मी ओठ दातात धरून बसले, या वेळी तिचं तिनंच ठरवायचं. तीन. हात सुपापर्यंत गेला आणि तिथंच तांदूळ चाळवत राहिला.

चौथी वाजली.

आम्ही दोघी त्या फोनकडं बघत बसलो. वाजून वाजून थांबला. मग परत सुरू झाला.

२ मार्च, सोम.
आज निघायचं होतं, राहिले. नंदूनं फोन बंद करून पिठाच्या डब्यावर ठेवलाय, माझ्याशी चार शब्द बोलली असेल नसेल. सकाळपासून अण्णाच्या फोनवर फोन यायलेत. अण्णा अंगणात उभा राहून "व्हय पाव्हणं, व्हय" म्हणायलाय आणि माझ्याकडं बघायलाय. आत्ता सांगून गेला, दुपारी कोहिनूरहून गाडी यायलीय, चौघंजण. नंदूला म्हणाला, साडी नेस. ती उठली नाही, तांदूळ निवडत बसलीय. मी तिच्याशेजारी आहे.