उतरत्या खांद्याची फिल्म

मी खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही धाकात न येता हे लिहिते. डोळे अधू झालेत, डोकं नाही.

१. राहतं घर मुलीला. छत गळतं हे तिला ठाऊक आहे. मागाहून मला बोल लावू नये.

२. शिवणयंत्र व कात्र्या नातीला. मोठ्या कात्रीने कागद कापलास तर असेन तिथून येऊन कान उपटीन.

३. छातीच्या एक्स-रेची जुनी फिल्मही नातीला. ती कुणाची, हे लिहून ठेवणं भाग आहे.

तरुणपणी मला आणि यजमानांना एकाच हिवाळ्यात खोकला लागला. दोघं फिल्म काढायला गेलो. चिठ्ठ्या आत गेल्या होत्या. त्यांची आधी, माझी नंतर. "तुझं गिऱ्हाईक खोळंबलंय, तू जा पुढं," म्हणून त्यांनी मला आपला नंबर दिला. आतल्या माणसाने कुणाला काही न विचारता चिठ्ठ्यांच्या क्रमाने फिल्मवर नावं घातली. माझ्या नावाच्या फिल्मवर क्षय निघाला, त्यांची साफ. मला सहा महिने गोळ्या. रोज सकाळी तेच पेला घेऊन उभे राहत, "गीळ बघू माझ्यासमोर. तू हवी आहेस मला." स्वतः खोकत होते. फिल्म साफ म्हणून त्यांचा कफ कुणी तपासलाच नाही. रक्त पडलं तेव्हा उशीर झाला होता.

नणंद म्हणाली, "हिनेच रोग दिला माझ्या भावाला." तेव्हापासून तिच्या घरी माझा पेला वेगळा. मीही तेच खरं मानत आले.

परवा धाप लागली म्हणून नव्या डॉक्टरीणबाईंकडे ती फिल्म घेऊन गेले. त्यांनी माझी नवी फिल्म काढवली, आणि जुनी व नवी उजेडाच्या पेटीवर शेजारी लावल्या.

"आजी, जुनीत उजव्या फुप्फुसात वरती हे भोक आहे. एवढं भोक बरं झालं तरी वण राहतो. नवीत वण नाही. आणि जुनीत डाव्या खांद्याकडचं, गळ्याखालचं हाड मोडून वाकडं जुळलंय. तुमचं सरळ आहे. ही फिल्म तुमची नाही."

यजमान रंगारी. शिडीवरून पडल्यापासून डावा खांदा उतरता. त्यांचा प्रत्येक सदरा मी डावीकडे अर्धं बोट उतरवून बेतला. मी फिल्मवरच्या त्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथेच रडले. त्यांचा एक फोटो नाही म्हणून जन्मभर हळहळले, आणि ते माझ्याच ट्रंकेत, माझ्या नावाने होते. त्यांच्या गोळ्या मी गिळल्या, आणि त्यांनीच मला गिळायला लावल्या.

४. नणंदेस काही ठेवलेलं नाही. राग आहेच, पण कारण वेगळं. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष धरत नाहीत, असं वकील म्हणाले, आणि मला तिची साक्ष हवी आहे.

ठिकाण: राहतं घर, यंत्राची खोली. दिनांक: ९ फेब्रुवारी.

(सही) शिवणकामवाली

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. नणंद (सही). सगळं वाचलं. वहिनीच्या पेल्यातलं पाणी प्यायले, मग सही केली.