जुन्या खोलीत चार महिने राहू देण्याबाबत

प्रति,
मा. गृहप्रमुख (बाबा),
बाहेरची खोली, खिडकीजवळची खुर्ची.

विषय : वरीलप्रमाणे, पण आता थोडा अधिक.
संदर्भ : १) आईशी फोनवर झालेले बोलणे. २) आपल्या सहीचे घरनियम, एकूण अकरा.

महोदय,

खाली सही करणारी आपली थोरली मुलगी, वय छत्तीस, काम दातांच्या कवळ्या बनवणे, आदरपूर्वक कळवते की :

१. घरमालकाने घर विकल्यामुळे मला ते महिनाअखेर सोडायचे आहे. नवी जागा चार महिन्यांनी मिळेल. हे कळवताच आई म्हणाली, "अगं, विचारतेस काय? घर तुझंच आहे. तरी बाबांना विचारते हं." दोन दिवसांनी म्हणाली, "लेखी अर्ज दे म्हणताहेत. तुला माहीतच आहे त्यांचा स्वभाव!"

२. नियम मला मान्य आहेत. रात्री दहाच्या आत घरी येईन. सकाळी सात ते साडेसात न्हाणीघर आपले. बुधवारी व शनिवारी स्वयंपाक माझा, निम्मा किराणाही माझा. मुक्कामी पाहुणा विचारल्याशिवाय आणणार नाही. सामानाची खोकी आठच. तयार कवळ्या जेवणाच्या टेबलावर मांडणार नाही. मागच्या वेळी शेजारच्या काकू घास टाकून उठल्या होत्या, ते लक्षात आहे.

३. परंतु रविवारी खोकी मावतील का हे पाहायला आले असता आई म्हणाली, "टेप खालच्या खणात बघ." टेपखाली नियमांचा कच्चा कागद होता. अक्षर आईचे. नियम अकरा नव्हेत, एकोणीस. त्यांतले आठ पेन्सिलीने खोडलेले, आणि पेन्सिल आपली. "किल्ली देऊ नये" यापुढे आपण लिहिले आहे, "असू दे गं, पोरगी आहे आपली." "मुदत दोन महिने" यातले दोन खोडून चार केलेत.

४. सबब, जुनी प्रकरणे पुन्हा तपासणे भाग पडले. पंधराव्या वर्षी शाळेच्या सहलीच्या वेळी आईने मला जवळ घेऊन सांगितले होते, "मी खूप समजावलं गं, पण बाबा नाहीच म्हणाले." मी तिच्या कुशीत रडले आणि आपल्याशी सहा महिने बोलले नाही. आपण रोज माझी सायकल पुसून ठेवत होतात. मला वाटले, अपराधी मनामुळे.

५. हा उघड विश्वासघात आहे. गप्प बसून आपणही त्यात सामील झालात, याची नोंद घ्यावी.

तरी हा अर्ज खऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे स्वयंपाकघरात, पाठवावा. नकार आला तर मैत्रिणीकडे गादी टाकीन. फक्त तो नकार आईने माझ्याकडे बघून, स्वतःच्या तोंडाने द्यावा. "बाबा म्हणाले" हे उत्तर यापुढे स्वीकारले जाणार नाही.

आपली नम्र,
आणि रविवार सकाळपर्यंत आईचीही,
थोरली
दिनांक : त्यानंतरचा बुधवार

सोबत :
१) नियमांचा कच्चा कागद.
२) सहलीचे पालक संमतीपत्र. त्याच खणात, तळाशी सापडले. त्यावर आपली सही आहे.