अण्णांच्या पायाची क्लिप

बंगलोर, रविवार, ऑगस्ट १९६२

आज अण्णांची साठी. वडिलांवरची कविता म्हणून आधी ‘आधार’ला ‘उदार’ जुळवलं. कुणाच्याही वडिलांना चाललं असतं! सगळं खोडलं. उरली पँटला लावायची सायकलची क्लिप:

फॅक्टरीतून आलात की
उजव्या पायाची क्लिप
जेवतानाही तशीच.
आई म्हणायची,
“काढा की ती आता.”

अण्णांनी दोनदा वाचलं. “सरी, ठीक आहे. पण यमक कुठंय?”

“मुद्दामच नाही घातलं, अण्णा.”

त्यांनी कागद परत दिला. गेलेल्या आईला मध्ये आणायला नको होतं का? दिवसभर तेच डोक्यात.

संध्याकाळी ते पायीच फिरायला निघाले. सायकल विकून वर्ष झालं. उजव्या पायाला क्लिप होती.